दोन रकाने, एक तेलुगू पत्रक

सोलापूरच्या पूर्व भागात काम करणाऱ्या एका आरोग्यसंस्थेने मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक पत्रक दिलं. विषय लहान मुलांचे जुलाब आणि ओआरएस. कागदाच्या डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात मराठी, आणि मला ते तेलुगूत करायचं होतं. आमच्या पद्मशाली घरांत हे चित्र नेहमीचं आहे: बोलणं तेलुगूत, शाळा मराठीतली. विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, मराठी वाचताना अडखळतात, पण कुणी तेलुगूत वाचून दाखवलं तर सगळं कळतं. म्हणून पत्रक तेलुगूत, पण देवनागरी अक्षरांत, आशाताईंनी मोठ्याने वाचून दाखवायला, असं ठरलं होतं.

संस्थेतल्या ताई म्हणाल्या, "तुम्हाला सोपं जाईल. दोन-दोन भाषांत तयार आहे. इंग्रजीत अडलं तर मराठी बघा."

अशा कामात मी आधी एक शिस्त पाळते. पत्रक शेजारी ठेवून थेट तेलुगू लिहायला बसत नाही. दोन्ही रकाने संगणकावर उतरवून घेते आणि एक वाक्य, एक ओळ असा तक्ता करते. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे त्याचं मराठी, मधे क्रमांक, आणि शेवटी एक रिकामा रकाना माझ्या शंकांसाठी. छापील पत्रकात रकाने शेजारी-शेजारी असले तरी वाक्याला वाक्य भिडलेलं नसतं. वरून सुंदर समांतर दिसतं आणि आत तिसऱ्या परिच्छेदापासून सगळं सरकलेलं असतं. तक्ता केला की हे सरकणं उघडं पडतं.

इथेही पडलं. इंग्रजीची 24 वाक्यं भरली, मराठीची 21. तीन चौकटी रिकाम्या राहिल्या.

रिकामी चौकट कुठे आहे यावरून ती का रिकामी आहे याचा बराच अंदाज येतो. त्यातली एक अगदी तळाशी होती: शौचात रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या, असं इंग्रजीतलं शेवटचं वाक्य. त्याच्या आधीच्या दोन मराठी ओळींचा टाइप बाकीच्यांपेक्षा बारीक होता आणि अक्षरं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे जागा संपली होती. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळींत जास्त अंतर लागतं, तेवढ्याच उंचीच्या रकान्यात मराठी मजकूर मावत नाही, आणि मग जुळणी करणारा शेवटचं वाक्य काढून टाकतो. मी डीटीपी करते, त्यामुळे हा मोह मला चांगला ठाऊक आहे. पत्रकात सगळ्यात तळाशी नेमकी धोक्याची लक्षणं असतात, हे त्याच्या लक्षात येत नाही.

उरलेल्या दोन चौकटी मात्र मधोमध होत्या. दोन्ही वाक्यं झिंकच्या गोळीबद्दलची. तिथे जागेची अडचण नव्हती, टाइप मोकळा होता. नजर चुकून वाक्य गळतं तेव्हा बहुधा सारख्याच शब्दांनी सुरू होणारी दोन वाक्यं लागोपाठ असतात, तसंही इथे दिसत नव्हतं. त्यामुळे हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि आकड्यांकडे वळले.

आकडे मी नेहमी शब्दांच्या आधी तपासते. कारण साधं आहे: आकडा दोन्ही भाषांत तोच असायला हवा, त्याला अर्थच्छटा नसते. पेन्सिलीने दोन्ही रकान्यांतले सगळे आकडे गोल करायचे आणि जोड्या लावायच्या. पत्रकात एक चौकोन होता, ओआरएसच्या पाकिटात काय असतं ते सांगणारा. इंग्रजीत सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 आणि ग्लुकोज 13.5. मराठीत पोटॅशियम आणि सायट्रेट तेच, पण सोडियम क्लोराइड 3.5 आणि ग्लुकोज 20.

एखादा आकडा चुकला असता तर छपाईची चूक म्हणून सोडून दिला असता. पण बेरीज करून बघितली. इंग्रजी चौकोनाची बेरीज 20.5 ग्रॅम, मराठीची 27.9. आणि प्रत्येक चौकोनाखाली 'एकूण' म्हणून जो आकडा छापला होता, तो त्या-त्या चौकोनाच्या बेरजेशी बरोबर जुळत होता. म्हणजे दोन्ही रकाने आपापल्या घरात खरे होते. चूक अशी नेटकी नसते. दोन वेगवेगळी सूत्रं समोर होती.

माझ्या ओळखीच्या एका मेडिकलवाल्या दादांना फोटो पाठवला. ते बघताक्षणीच म्हणाले, "मराठीतलं जुनं आहे." 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएसचं सूत्र बदललं. आधीच्या लिटरभर द्रावणात सोडियम 90 मिलिमोल आणि ग्लुकोज 111 असे, नव्यात दोन्ही 75. द्रावणाची एकूण तीव्रता, ज्याला ऑस्मोलॅरिटी म्हणतात, ती 311 वरून 245 वर आली. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. ग्लुकोज जास्त झालं तर जे शोषलं गेलं नाही ते उलट पाणी आतड्यात ओढून घेतं. द्रावण पातळ केल्यावर शौचाचं प्रमाण आणि उलट्या कमी होतात, सलाइन लावायची वेळही कमी मुलांवर येते, असं दिसलं म्हणून हा बदल.

मग झिंकचा उलगडा आपोआप झाला. जुलाबात ओआरएसबरोबर झिंक द्या, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने संयुक्त निवेदनात सांगितलं ते 2004 साली. मराठी रकान्याला झिंक माहीत नव्हतं कारण तो रकाना त्याच्या आधीचा होता. कुणीतरी इंग्रजी मजकूर नवा करून घेतला, आणि मराठी जुन्या पत्रकातून उचलून शेजारी लावला.

इथे माझं कामच बदललं. तोवर मी दोन रकान्यांना एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार धरून चालले होते. एक बोबडा बोलला तर दुसऱ्याला विचारायचं. पण मराठी मुळात भाषांतरच होतं. 'हे सुनिश्चित करा की' अशी वाक्यरचना आपल्याकडे कुठली आई करते? ते इंग्रजीतूनच आलेलं. आणि तेही समोरच्या इंग्रजीतून नव्हे, तर त्याच्या आधीच्या, माझ्यासमोर नसलेल्या इंग्रजीतून. म्हणून मी दोन ढीग केले. जिथे मात्रा, दिवस, वय, औषध यांचा संबंध आहे तिथे इंग्रजी प्रमाण, मराठी फक्त शंका काढायला. जिथे वाक्य कोण कुणाला म्हणतंय, कशाचा संबंध कशाशी आहे, असा प्रश्न आहे, तिथे मराठीचं ऐकायचं. कारण ते लिहिणाऱ्याने इंग्रजी वाचून काहीतरी एक अर्थ धरलेला असतो आणि मराठीत तो लपवता येत नाही.

या दुसऱ्या ढिगाचं उदाहरण देते. इंग्रजीत दोन ठिकाणी 'वी' होतं. एक वाक्य हात धुण्याबद्दल, दुसरं पुन्हा भेटायला येण्याबद्दल. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, वाचणारी आई त्यात धरली आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. मराठी रकान्यात पहिल्या ठिकाणी 'आपण' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आम्ही' होतं. तेलुगूत नेमका हाच भेद आहे: ऐकणाऱ्याला धरून 'मनमु', वगळून 'मेमु'. हिंदी रकाना असता तर 'हम' लिहून मोकळा झाला असता आणि माझा काहीच उपयोग झाला नसता. मराठीने हे दार द्राविडी भाषांच्या बाजूने उघडं ठेवलंय ते असं उपयोगी पडतं.

उलट बाजूने इंग्रजीने मराठीला सावरलं ते मात्रेच्या वाक्यात. मराठीत छापलं होतं, 'जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्रावण द्यावे.' वाचायला काही वावगं वाटत नाही. पण 'जुलाबानंतर' म्हणजे एकदा पातळ शी झाल्यावर, की जुलाब थांबल्यावर? माझ्या शेजारच्या वहिनींना मुद्दाम फक्त तेवढं वाक्य वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, "जुलाब बंद झाले की द्यायचं, अशक्तपणा भरून यायला." इंग्रजीत स्वच्छ होतं: 'आफ्टर ईच लूज स्टूल'. 'ईच' हा एवढासा शब्द मराठीत गळला आणि जे तातडीने द्यायचं ते आजार संपल्यावर देण्याचं टॉनिक झालं. तेलुगूत मी 'प्रतिसारि' वाक्याच्या अगदी सुरुवातीला आणलं, म्हणजे वाचून दाखवताना दबला जाणार नाही.

त्याच वाक्यात कपाची भानगड होती. इंग्रजीत 'लार्ज कप' आणि कंसात 50 ते 100 मिली. मराठीत 'मोठा' गेला, मिलीलीटरही गेले. आपल्याकडे कप म्हटला की चहाचा कप, आणि टपरीवरच्या कपाचा पाव म्हणजे दोन घोटही नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक वेळी 50 ते 100 मिली, त्यावरच्या दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला 100 ते 200 मिली, हे माप. मी कप काढूनच टाकला. पाणी प्यायचा 200 मिलीचा ग्लास धरला की हिशेब सरळ बसतो: लहानग्याला पाव ते अर्धा ग्लास, मोठ्याला अर्धा ते एक. अर्थात हा बदल मी परस्पर केला नाही, शंकांच्या रकान्यात लिहिला.

झिंकच्या दोन वाक्यांना तर दुसरा साक्षीदारच नव्हता. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज 10 मिलीग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, त्यापुढच्या मुलाला 20 मिलीग्रॅमची पूर्ण गोळी, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. अशा वेळी इंग्रजीतून थेट तेलुगू करायला मला आवडत नाही; संस्थेत तेलुगू तपासणारं कुणी नाही, चुकलं तर कुणालाच दिसणार नाही. म्हणून आधी रिकाम्या चौकटीत मराठी लिहिलं, तिथल्या डॉक्टरांकडून ते मंजूर करून घेतलं, आणि मग त्यावरून तेलुगू. एक पायरी वाढते, पण ती डॉक्टरांना वाचता येणाऱ्या भाषेत असते. मराठीत लिहिताना एक गोष्ट मुद्दाम तोडून लिहिली. ओआरएस जुलाब थांबेपर्यंत, झिंक मात्र चौदाव्या दिवसापर्यंत. इंग्रजीत हे एकाच लांब वाक्यात होतं आणि ऐकणारी दोन्ही एकदमच बंद करील अशी मला धास्ती होती.

आता सगळ्यात अवघड जागा. ती शोधायला तक्त्याची काहीच मदत झाली नाही, कारण तिथे दोन्ही रकाने अगदी एकमताने बोलत होते: एक पाकीट, एक लिटर पाणी. इंग्रजी तेच, मराठी तेच, आकडा तोच. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूणही केली होती. मेडिकलवाल्या दादांकडून नमुन्याला पाकिटं आणायला गेले तेव्हा त्यांनी काउंटरवर दोन आकारांची पाकिटं ठेवली. मोठं एका लिटरचं. लहान 200 मिलीचं, एका ग्लासाचं, आणि त्यावर सोडियम क्लोराइड 0.52 ग्रॅम, ग्लुकोज 2.7 ग्रॅम. पाचने गुणा, 2.6 आणि 13.5 येतात, म्हणजे सूत्र तेच, पुडी पाचवा हिस्सा. दादा म्हणाले, "जास्त करून हेच घेऊन जातात. स्वस्त पडतं ना."

लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर द्रावण पाचपट पातळ होईल, क्षार पुरणार नाहीत. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर पाचपट खारट, आणि ते बाळाच्या दृष्टीने जास्त वाईट. रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरकारी दवाखान्यातलं लिटरचं पाकीट असणार. भाषांतर करणाऱ्याने ते इमानेइतबारे मराठीत आणलं. दोघे एकमत आहेत यातून एवढंच सिद्ध होतं की दुसऱ्याने पहिल्याचं नीट ऐकलं. त्यांना तपासायला रकान्यांच्या बाहेरची वस्तू लागते, इथे ती काउंटरवर पडली होती. शंकांच्या रकान्यात मी लिहिलं: पाकिटावर जेवढं पाणी छापलंय तेवढंच घ्या, असं करूया का? मोठ्याला एक लिटरची पाण्याची बाटली, लहानाला एक ग्लास, असं दोन चित्रांनी दाखवूया का? डॉक्टरांनी दोन्हींवर होकार लिहून पाठवला.

शंकांचा कागद गेला आणि उत्तरं लिहून आली, त्यानंतरच तेलुगूला हात घातला. लिहिताना मात्र डोळा मराठीवरच होता, इंग्रजी फक्त शेजारी उघडं. याचं कारण रचना. इंग्रजीत पाणी आधी येतं आणि ते उकळून थंड केलेलं आहे हे मागून कळतं. मराठीत 'उकळून गार केलेलं पाणी', तेलुगूत 'मरिगिंचि चल्लार्चिन नीळ्ळु'. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रमही बदलत नाही. त्यामुळे वाक्यं भराभर होतात, आणि तोच धोका आहे. हात इतका सहज चालतो की मराठीतलं जे काही ढिलं असेल ते न अडता पलीकडे जातं. म्हणून प्रत्येक वाक्य झाल्यावर तेलुगू हे मराठीशी नव्हे, इंग्रजीशी ताडून बघत होते. एका भाषेतून आणायचं आणि दुसरीशी मोजायचं.

हैदराबादहून छापून आलेली तेलुगू पत्रकं मी पाहिली आहेत. चांगली असतात, पण पुस्तकी. आमच्याकडची घराणी बहुतेक तेलंगणातून आलेली, आणि पिढ्यान्पिढ्या मराठीत राहून बोलण्यात मराठी शब्द मिसळलेले. 'दवाखाना'ला मी दवाखानाच ठेवलं.

शेवटची तपासणी कुंभारीच्या विडी घरकुलात केली. एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, नातू शेजारी. आशाताईंनी तेलुगू वाचून दाखवलं आणि मी अक्कांना काय कळलं ते विचारलं नाही. "कळलं का?" म्हटलं की सगळ्याच हो म्हणतात. मी समोर दोन्ही आकारांची पाकिटं, एक रिकामी बाटली आणि ग्लास ठेवला आणि म्हटलं, करून दाखवा. त्यांनी लहान पुडी उचलली, उलटसुलट केली, आशाताईंकडून आकडा वाचून घेतला आणि ग्लास पुढे ओढला. द्रावण किती वेळ चालेल हे विचारलं तर म्हणाल्या, उद्या या वेळेला टाकून द्यायचं. 24 तास बरोबर पोचले होते. गोळीचं विचारलं, तर चौदा दिवस, हेही बरोबर.

मग त्यांनीच विचारलं, "पोरगं ओकलं तर थांबायचं, दहा मिनिटांनी हळूहळू द्यायचं म्हणता. हळूहळू म्हणजे कसं? घोट घोट, का अर्धा ग्लास थांबून थांबून?"

ते वाक्य तक्त्यात निर्वेध होतं. इंग्रजी 'स्लोली', मराठी 'हळूहळू', तेलुगू 'मेल्लगा'. तिन्ही भाषांत नेमकं तेच, आणि तिन्हींत करायचं काय ते नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. अक्कांनी मान डोलावली आणि पुढची विडी हातात घेतली.

तेवढी ओळ तेलुगूत बदलली, मग संस्थेने मराठी रकानाही नव्याने करायचं ठरवल्यावर त्यातही घातली. जुना चौकोन गेला, झिंक आलं, रक्ताचं वाक्य तळाशी नीट मोठ्या टाइपात आलं. नव्या छपाईत इंग्रजीत मात्र अजून 'स्लोली'च आहे. ते कुठल्या तरी वरच्या कार्यालयातून येतं, आणि तिथे कागद पाठवलाय.